कपाटातली बुरशी आणि पांढरे कपडे



पावसाळा सरत आला की आपल्या घरांत कपाटे रिकामी करण्याची घाई सुरू होते. वंदनेला, लग्नाला, दसऱ्याच्या समारंभाला घालायचे पांढरे कपडे जूनमध्ये घडी करून ठेवलेले असतात. ते बाहेर काढावेत तर कुबट वास येतो आणि घडीवर राखाडी-काळे ठिपके दिसतात. असेच एक पत्र मुंबईतील एका चाळीतून आले आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनीचे तीन कपडे खराब झाले. नवऱ्याचा पांढरा सुती सदरा, तिची निळ्या काठाची पांढरी सुती साडी आणि सासऱ्यांचे जुने धोतर. सासरे आता हयात नाहीत. धोतर कोणी नेसत नाही, पण घरात जपून ठेवले आहे. तिने दोनदा साबणाने घासून पाहिले, ठिपके गेले नाहीत. “आता सरळ ब्लीचमध्ये बुडवू का?” असे ती विचारते.

तिन्ही कपडे एकाच बालदीत बुडवू नयेत, हे आमचे पहिले उत्तर. डाग एकच असला तरी कापड तीन तऱ्हांचे आहे, आणि उपाय डाग पाहून नव्हे तर कापड पाहून ठरवायचा असतो. ते कसे, हे सविस्तर पाहू.

डाग बुरशीचाच आहे ना?

आधी डाग ओळखावा. बुरशीचे ठिपके बारीक असतात, कोणी शिंतोडे उडवावेत तसे पुंजक्याने येतात. रंग राखाडी किंवा काळा, कधी हिरवट. घडीचा जो भाग भिंतीला किंवा कपाटाच्या पाठीला टेकलेला असतो तिथे ते जास्त असतात आणि कापडाला कुबट वास असतो.

लोखंडी कपाटाचा, हँगरचा किंवा टाचणीचा गंज लागला असेल तर डाग नारिंगी-तपकिरी असतो आणि त्याला कुबट वास नसतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गंजावर ब्लीच टाकले तर डाग जात नाही, उलट पक्का बसतो आणि त्या जागी कापड लवकर विरते. गंजाला लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. एकाच कपड्यावर दोन्ही डाग असतील तर आधी गंज काढावा, कपडा स्वच्छ धुऊन वाळवावा, आणि बुरशीचे काम दुसऱ्या दिवशी करावे. लिंबू आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नये. कारण पुढे सांगितले आहे.

बुरशी कापडावर का बसते?

बुरशी ही अतिशय सूक्ष्म वनस्पतीसारखी वाटली तरी ती वनस्पती नाही. तिला ऊन लागत नाही, तिला अन्न आणि ओल लागते. तिचे बीजकण हवेत सगळीकडे असतात, ते कोणालाच अडवता येत नाहीत. अन्न तिला कापडावर मिळते. घाम, मळ, नीट न निघालेला साबण, आणि सगळ्यांत आवडीचे म्हणजे खळ. भाताच्या पेजेची असो की साबुदाण्याची, खळ म्हणजे पिष्ट. म्हणून कडक खळ घातलेला, इस्त्री केलेला, सर्वांत जपून ठेवलेला कपडाच आधी खराब होतो. हे पाहून पुष्कळ भगिनींना आश्चर्य वाटते, पण कारण एवढे साधे आहे.

राहिली ओल. हवेतला ओलावा साधारण ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकला की बुरशी धरते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तो ८० टक्क्यांच्या वर सहज जातो. सुती धागा हवेतली ओल स्वतःत ओढून घेतो आणि तरीही हाताला कोरडाच लागतो. म्हणजे कपडे वाळवूनच ठेवले होते, हे त्या भगिनीचे म्हणणे खरे असूनही बंद कपाटात ते पुन्हा ओलसर होऊ शकतात.

ठिपक्यात दोन गोष्टी असतात. वर बसलेली बुरशीची भुकटी, ती झटकून आणि धुऊन निघते. दुसरा तिचा काळा रंग, तो धाग्यात मुरलेला असतो. साबण भुकटी काढतो, रंग काढत नाही. म्हणून नुसते घासून ठिपके जात नाहीत, फक्त कापड झिजते.

पहिले काम: वाळवणे आणि झटकणे

बुरशी लागलेला कपडा ओला असताना घासू नये. ओलेपणी घासले की भुकटी धाग्यात आणखी आत जाते. आधी तो कपडा घराबाहेर, गच्चीवर किंवा गॅलरीत कडक उन्हात दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवावा. मग नाकातोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशने भुकटी झटकावी. हे काम खोलीत करू नये. उडालेले बीजकण इतर कपड्यांवर, अंथरुणावर बसतात. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल तर त्यांना या कामापासून दूर ठेवावे. झटकलेला कपडा चांगल्या कपड्यांत परत ठेवू नये.

यानंतर कापडात जीव किती उरला आहे ते पाहावे. बुरशी नुसता डाग पाडत नाही, जास्त दिवस राहिली तर ती सुताचा धागाच खाते. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणावे. कापड ताठ राहिले तर चांगले. बारीक ‘चर्र’ असा आवाज आला किंवा धागे सरकून विरळ दिसू लागले तर ते कापड कोणत्याही तीव्र ब्लीचला टिकणार नाही. त्या भगिनीला आम्ही हेच करून पाहायला सांगितले. सदरा आणि साडी ताठ निघाली. धोतर मात्र दोन घड्यांच्या रेषेवर विरलेले होते.

मग तिन्ही कपडे साध्या धुलाईने धुवावेत. पांढऱ्या सदऱ्यासाठी एक बालदी चांगले गरम पाणी, त्यात नेहमीची साबण पावडर आणि दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घ्यावा. खाण्याचा सोडा नव्हे. अर्धा-पाऊण तास भिजवून धुवावे. यात खळ, मळ आणि वरची बुरशी निघून जाते. हे न करता थेट ब्लीच टाकले तर ब्लीचचा जोर मळावरच संपतो, डागापर्यंत पोचत नाही. साडी काठाच्या रंगामुळे कोमट पाण्यात, सोड्याशिवाय धुवावी. विरलेले धोतर न चोळता, न पिळता, नुसते दाबून दाबून धुवावे.

सदरा: साधे ब्लीच

संपूर्ण पांढऱ्या, धडधाकट सुती कपड्याला बाजारात मिळणारे पातळ ब्लीच चालते. बाटलीवर ‘सोडियम हायपोक्लोराइट’ असे लिहिलेले असते. बाटली कधी भरली आहे ती तारीख पाहावी. हे औषध पडून पडून निकामी होते. वर्षभरापूर्वीच्या बाटलीने डाग गेला नाही तर दोष डागाचा नसतो.

आधी परीक्षा घ्यावी. एक छोटा चमचा ब्लीच सहा छोटे चमचे पाण्यात मिसळून त्याचा एक थेंब सदऱ्याच्या आतल्या शिवणीवर टाकावा. मिनिटभराने पुसून पाहावे. जागा पिवळी पडली तर त्या कापडावर ब्लीच वापरू नये. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडावर जो लेप दिलेला असतो तो, किंवा कॉलरच्या आतले अस्तर, कधी कधी असे पिवळे पडते. म्हणून कॉलरवर वेगळा थेंब टाकून पाहावा.

परीक्षा नीट झाली की प्लॅस्टिकच्या बालदीत ५ लिटर गार पाणी घ्यावे. त्यात चार मोठे चमचे ब्लीच आधी ढवळून घ्यावे आणि मगच ओला सदरा सोडावा. कोरड्या कपड्यावर ब्लीच ओतले तर जिथे आधी पडते तिथे भोक पडण्याची भीती असते. सदरा पूर्ण बुडालेला हवा, वर तरंगू देऊ नये. घड्याळ लावून दहा मिनिटे ठेवावा. मध्ये एकदोनदा काठीने हलवावा. हातात रबरी मोजे घालावेत आणि दार-खिडकी उघडी ठेवावी.

ठिपका काळ्याचा राखाडी, राखाडीचा फिकट तपकिरी होत जातो. दहा मिनिटांत तो फिकट झाला पण पूर्ण गेला नाही, तर कपडा बाहेर काढून तीन-चार पाण्यांत खळबळावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा तेच करावे. रात्रभर ठेवला तर जास्त स्वच्छ होईल, असा पुष्कळांचा समज आहे. तसे होत नाही. डागावरचे काम पहिल्या काही मिनिटांतच होते, त्यानंतर ब्लीच धाग्यावर काम करू लागते. तसेच चार चमच्यांचे आठ करूनही फायदा नाही. दोनदा करून जो ठिपका हलला नाही तो तिसऱ्यांदाही हलणार नाही, कापड मात्र हलके होईल.

ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्यातून काढावे. नीळ द्यायची असेल तर ती सगळ्यांत शेवटी, ब्लीच पूर्ण निघाल्यावर द्यावी. त्या भगिनीचा सदरा दुसऱ्या खेपेला स्वच्छ झाला. खांद्यावरच्या एका जागी फिकट सावली राहिली, ती नीळ दिल्यावर लांबून दिसत नाही.

येथे एक गोष्ट ठसवून सांगतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, संडास धुण्याचे ॲसिड किंवा दुसरे कोणतेही औषध मिसळू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि लहानशा मोरीत तो जीवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या औषधाबरोबरही ब्लीचमधून घातक वायू निघतात. मोरी नुकतीच ॲसिडने धुतली असेल तर आधी भरपूर पाणी ओतावे आणि ब्लीचचे काम दुसऱ्या दिवशी करावे. चुकून वायू झालाच तर बालदी उचलत बसू नये, सगळ्यांनी ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे.

नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात टाकतात ती ब्लीचिंग पावडर कपड्याला वापरावी का, असे काहीजण विचारतात. न वापरलेली बरी. तिचे न विरघळलेले कण कापडावर बसतात आणि नेमकी तिथे भोके पडतात. शिवाय डबा उघडा राहिला की तिचा जोर किती उरला हे कळत नाही.

साडी: काठ सांभाळून

निळ्या काठाच्या साडीला वरचे ब्लीच चालणार नाही. पांढरा भाग स्वच्छ होईल पण काठ फिका होऊन त्यावर पिवळट डाग पडतील, आणि गेलेला रंग परत येत नाही. “फक्त डागावर कापसाने लावते” असे म्हटले तरी ओल कापडात पसरत काठापर्यंत जाते.

अशा कपड्यांसाठी प्राणवायूवर चालणारी पावडर वापरावी. पाकिटावर ‘सोडियम परकार्बोनेट’ असे लिहिलेले असते. रंगीत कपड्यांचे डाग काढण्याची म्हणून जी पावडर मिळते, तिच्यात बहुधा हेच असते. ही सावकाश काम करते, पण बहुतेक पक्क्या रंगांना धक्का लावत नाही. बहुतेक म्हटले, सगळ्या नव्हे. म्हणून काठाची परीक्षा घ्यावी. काठाच्या आतल्या टोकाला कोमट साबणाचे पाणी लावून त्यावर पांढरे फडके दाबून धरावे. फडक्याला निळा रंग लागला तर साडी या पावडरीत भिजवू नये. नाही लागला तर थोडी पावडर पाण्यात कालवून तो थेंब त्याच टोकाला लावून पंधरा मिनिटे पाहावे.

त्या भगिनीच्या साडीचा काठ पक्का निघाला. तिने केले ते असे. मोठ्या टपात १० लिटर पाणी घेतले, हाताला जेमतेम सोसेल इतके गरम. गार पाण्यात ही पावडर जवळजवळ झोपूनच राहते. त्यात चार मोठे चमचे पावडर पूर्ण विरघळवली आणि साडी घडी मोडून, सुटी करून दोन तास भिजवली. घडी तशीच ठेवली तर आतल्या पदरात औषध पोचत नाही. पाण्यात बारीक बुडबुडे येतात, ते येणे म्हणजे काम सुरू आहे. दोन तासांनी साडी धुऊन सावलीत वाळवली. पहिल्या खेपेला ठिपके अर्धे फिके झाले. आठवड्याने पुन्हा भिजवली तेव्हा पदरावरचे चार-पाच ठिपके सोडून बाकी गेले. संपूर्ण पांढरा सुती कपडा असेल तर याच पाण्यात रात्रभर ठेवायला हरकत नाही.

एक सूचना. हे पाणी उरले तर बाटलीत भरून झाकण लावू नये. आत वायू साठून बाटली फुटते. उरलेले ओतून द्यावे. आणि काठाला जर असेल तर ही पावडरही वापरू नये, कारण जर काळी पडते. तशी साडी ड्रायक्लीनवाल्याला दाखवावी आणि डाग बुरशीचा आहे हे त्याला आधी सांगावे.

धोतर: कुठे थांबायचे

तिसरा कपडा सर्वांत नाजूक, आणि खरे तर सर्वांत मोलाचा. त्या भगिनीने लिहिले आहे की, धोतर पांढरेशुभ्र झाले नाही तरी चालेल, पण फाटता कामा नये. हे तिने आधी ठरवले हे फार बरे केले. जुना, विरलेला कपडा शुभ्र करण्याच्या हट्टात हातातच फाटतो.

अशा कापडाला औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे. बाटलीवर ६ टक्के लिहिलेले असेल तर तेवढेच पाणी घालून ते निम्मे करावे. धोतर पांढऱ्या टॉवेलवर सपाट पसरावे आणि कापसाचा बोळा भिजवून ठिपक्यावर नुसता टेकवावा, चोळू नये. अर्धा तास ती जागा ओली राहील असे पाहावे आणि मग टॉवेलसकट उचलून गार पाण्यात खळबळावे. ओले विरलेले कापड स्वतःच्या वजनानेही फाटते, म्हणून ते दोरीवर लटकवू नये, टॉवेलवर पसरूनच वाळवावे. गंजाच्या डागावर पेरॉक्साइड मुळीच लावू नये. लोखंडाच्या संगतीने ते इतके जोरात काम करते की तिथे भोक पडते.

त्या भगिनीने हे दोनदा केले. वास पूर्ण गेला, ठिपके काळ्याचे फिकट तपकिरी झाले, तिथे ती थांबली. तेच योग्य होते. जुन्या बुरशीचा रंग पूर्ण जात नाही, कारण त्या जागी धागाच बदललेला असतो. बुरशी मेली, वास गेला आणि ती पुन्हा येणार नाही, एवढे झाले तर जपून ठेवायचा कपडा वाचला असे समजावे. असा कपडा खळ न घालता, धुतलेल्या पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळून ठेवावा. दरवर्षी घडीची जागा बदलावी, म्हणजे रेषेवर तो तुटत नाही.

कपाट का ओले होते?

कपडे स्वच्छ झाले, पण त्याच कपाटात परत गेले तर पुढच्या श्रावणात हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल. म्हणून ओल कुठून येते ते शोधावे. ती दोन ठिकाणांहून येते. भिंतीतून किंवा हवेतून. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

ओळखण्याची सोपी रीत अशी. कपाट रिकामे करून मागची भिंत कोरड्या फडक्याने पुसावी. दीड फूट लांब-रुंद स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद करून लावावा. दोन दिवसांनी पाहावे. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब असतील किंवा खालची भिंत काळपट झाली असेल तर ओल भिंतीतून येते. थेंब बाहेरच्या बाजूला, खोलीकडे असतील तर ओल हवेतली आहे आणि भिंत गार असल्यामुळे ती तिथे जमते.

त्या भगिनीच्या घरी थेंब आतून निघाले. तिचे कपाट भिंतीतलेच आहे आणि भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांची मोरी आहे. मोरीच्या कोपऱ्यात फरशीची सांध उघडी पडली होती आणि पाणी तिथून मुरत होते. दोन्ही घरांनी मिळून सांध भरून घेतली. शेजारी आपले असले तरी ही गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण हे न करता कपाटाला कितीही रंग लावला तरी तो फुगून पोपडे निघतात. सांध भरल्यावर भिंत वाळायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत कपाटाचे दार उघडे ठेवावे, त्यात कपडे ठेवू नयेत, आणि रंग भिंत पूर्ण वाळल्यावरच द्यावा. ओल्या बुरशीवर रंग दिला तर ती रंगाच्या आतून वर येते.

ओल हवेतली निघाली तर कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार बोटे पुढे सरकवावे, म्हणजे मागून वारा खेळतो. फळीवर टाकलेले जुने वर्तमानपत्र ओल धरून ठेवते, ते काढून टाकावे. कपडे कोंबून भरू नयेत. मागच्या बाजूला चार बोटे जागा मोकळी सोडावी.

कपाट आतून साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवावे. सिमेंटच्या किंवा सनमायका लावलेल्या फळ्यांवर वरच्याच प्रमाणातले ब्लीचचे पाणी फडक्याने लावून दहा मिनिटांनी पुसून घ्यावे. लोखंडी कपाटाला ब्लीच लावू नये, ते गंजते. उघड्या लाकडालाही साबण आणि ऊनच बरे.

पुढच्या पावसाळ्याआधी

मे महिन्याच्या अखेरीस, जे कपडे चार महिने लागणार नाहीत ते एकदा धुऊन त्यांची खळ पूर्ण काढावी. खळ आणि कडक इस्त्री समारंभाच्या आदल्या दिवशी द्यावी, साठवताना नको.

इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो. त्याची वाफ घडीत राहते. इस्त्रीवाल्याकडून आलेला गरम गठ्ठा तसाच कपाटात गेला की ओल आत बंद झाली. म्हणून इस्त्रीचे कपडे तासभर दोरीवर किंवा खाटेवर पसरून गार होऊ द्यावेत आणि मगच ठेवावेत.

पावसाळ्यात उघाडीप पडली, चांगले ऊन आले, की दुपारी दोन-तीन तास कपाट सताड उघडे ठेवावे आणि कपडे हलवून घड्या बदलाव्यात. पाऊस पडत असताना मात्र ‘हवा लागू दे’ म्हणून कपाट उघडू नये. त्या वेळी बाहेरची हवाच जास्त ओली असते. अंगावरून काढलेला घामट कपडा कपाटात ठेवण्याची सवय एकाच माणसाला असली तरी सगळे कपाट बिघडते.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर किड्यांसाठी आहेत. त्यांनी बुरशीचा वास झाकतो, बुरशी थांबत नाही. कडुलिंबाचा ओला पाला तर उलट ओल घेऊन येतो, ठेवायचा तर कडकडीत वाळवूनच ठेवावा. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बाजारात मिळतात, ते बंद कपाटात उपयोगी पडतात. डब्यात पाणी साठले की बदलावे आणि ते पाणी कपड्यावर सांडू देऊ नये. पण भिंतीतून पाणी येत असेल तर असे दहा डबेही पुरणार नाहीत.

पत्र्याच्या पेटीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले तर चालेल का, हेही पुष्कळजण विचारतात. मे महिन्याच्या उन्हात तापवून, गार करून लगेच बंद केलेले कपडे पेटीत चांगले राहतात. जुलैमध्ये वाळलेले कपडे पिशवीत बांधले तर ओलही त्यांच्याबरोबर बांधली जाते. तेव्हा कापडी पिशवी बरी.

कपाटाचे दार उघडताना नाकाला कुबट वास आला की त्याच दिवशी घड्या उलगडून पाहाव्यात. वास आधी येतो, ठिपका नंतर दिसतो. वासावरच कपडे धुऊन उन्हात टाकले तर ब्लीचची बाटली उघडावीच लागत नाही.